नंबर आला की रडारड: एका दवाखान्यातल्या मुलांच्या कोपऱ्याचं प्रकरण

डॉक्टरांनी फोनवर तक्रार सांगितली ती जरा उलटीच होती. "खेळायला कोपरा केल्यापासून मुलं बाहेर छान असतात आणि माझ्याकडे आली की आकांत करतात. आधी बाहेर कटकट करून करून दमायची, आत येईपर्यंत गप्प व्हायची. तेच बरं होतं." काउंटरवरच्या ताईंचं म्हणणं वेगळं होतं. त्यांना तो कोपराच नको होता. खेळणी गोळा करायची त्यांनी, भांडणं सोडवायची त्यांनी आणि नंबर पुकारून पुकारून घसा कोरडा करायचा तोही त्यांनीच.

मी बरीच वर्षं बालवाडी चालवली. आता दवाखाने, कचेऱ्या अशा ठिकाणी मुलांसाठी खेळायची जागा लावून देते. बहुतेक जण विचारतात, "कोणती खेळणी ठेवू?" इथे प्रश्न वेगळा आला म्हणून मला उत्सुकता वाटली. कसलीही यादी न देता मी दोन संध्याकाळी त्या खोलीत पेशंटांमध्ये जाऊन बसले.

दवाखाना दोन डॉक्टरांचा. एक बालरोगतज्ज्ञ, दुसरे मोठ्यांचे. बाहेरची खोली वीस बाय बारा फुटांची, भिंतीला लागून सोळा खुर्च्या, दाराशी काउंटर. मुलांचा कोपरा होता पार दुसऱ्या टोकाला, खांबाच्या मागे. तिथे रिकामी जागा होती म्हणून तिथे केलेला. 'कोपरा' म्हटलं की लोक खरोखरच एखादा कोपरा शोधतात, म्हणून तो शब्द मला फारसा आवडत नाही. खाली फोमची जोडचटई, एक मोठी टोपली आणि टोपलीत ठोकळे, तुकडे हरवलेली दोन कोडी, फरचं अस्वल, गाणी म्हणणारा खेळण्यातला फोन, प्लास्टिकच्या गाड्या.

पहिल्या संध्याकाळी साडेसहाच्या सुमाराला एक चारेक वर्षांचा मुलगा ठोकळ्यांचा पूल करत होता. दोन्ही बाजूंचे खांब झाले होते, वरची पट्टी ठेवायची बाकी होती. तिकडे ताईंनी नाव पुकारलं. आईला ऐकूच आलं नाही, कारण मुलगा दिसावा म्हणून ती खुर्ची सोडून खांबापाशी उभी होती आणि फोन गाणं म्हणत होता. दुसऱ्यांदा नाव आलं तेव्हा शेजारच्या बाईंनी तिला हलवलं. मग जे घडलं ते घडायला वीस सेकंदही लागली नसतील. "चल, नंबर आला," हाताला धरून उठवणं, पायाचा धक्का लागून पूल पडणं आणि मुलगा कडेवरून मागे वाकून ओरडत आत जाणं. दार बंद झाल्यावरही आवाज येत होता.

आत काय होतं ते डॉक्टरांनी मला नंतर सांगितलं, आणि या प्रकरणाचा सगळा कणा तिथे आहे. खोकला असलेल्या लहान मुलाचे श्वास मोजायचे असतात, आणि ते पूर्ण एक मिनिट, मूल शांत असताना. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांप्रमाणे दोन ते अकरा महिन्यांच्या बाळाचे श्वास मिनिटाला ५० किंवा त्याहून जास्त, आणि एक ते पाच वर्षांच्या मुलाचे ४० किंवा त्याहून जास्त असले तर ते जलद धरतात. रडणाऱ्या मुलाचा श्वास तसाही जलद असतो, त्यामुळे आकड्याला काही अर्थ राहत नाही. स्टेथोस्कोपमधून छातीऐवजी रडणंच ऐकू येतं. मग पाच-सात मिनिटं थांबायचं, मूल निवलं की पुन्हा मोजायचं. तेवढ्यात बाहेरची रांग लांबते.

म्हणजे हा कोपरा वाट पाहताना मुलाला गुंतवत होता आणि तपासणी अवघड करत होता. डॉक्टरांना मी म्हटलं, मूल किती वेळ रमतं ते सोडून द्या. नंबर आल्यावर ते तिथून कसं उठतं, एवढंच मोजूया. ताईंना एक वही दिली आणि तीन रकाने आखून दिले: 'आपणहून आलं', 'ओढून आणलं', 'रडत गेलं'. प्रत्येक मुलामागे एक रेघ. त्या वैतागल्या, पण रेघा मारल्या. पहिल्या तीन संध्याकाळी कोपऱ्यात खेळलेल्या ४१ मुलांपैकी १९ 'रडत गेलं'च्या रकान्यात होती. सुई टोचून घ्यायला आलेली मुलं यात धरली नाहीत. त्यांच्या रडण्याला खेळण्यांचा दोष नाही.

रेघांबरोबर मी आणखी एक टिपत होते: मूल उठलं तेव्हा हातात काय होतं. ठोकळे आणि कोडी असलेली मुलं सगळ्यात जास्त रडली. गाडी फिरवणारी कमी. आणि एक मुलगी काहीच न घेता भिंतीवरचं लसीकरणाचं जुनं चित्र बघत उभी होती, ती बोलावल्याबरोबर आईचं बोट धरून गेली. बालवाडीत हे मी रोज पाहिलेलं, पण दवाखान्यात पाहीपर्यंत नीट कळलं नव्हतं. ज्या खेळाला शेवट असतो तो मधेच सोडवत नाही. पुलाला शेवटची पट्टी असते, कोड्याला शेवटचा तुकडा. दवाखान्यात नंबर कधी येईल ते कुणालाच ठाऊक नसतं, मग तिथे असा खेळ ठेवणं म्हणजे अर्ध्यावर मोडायची सोय करून ठेवणं. आपण मोठी माणसंसुद्धा पत्त्यांचा डाव अर्ध्यात टाकून उठताना चेहरा वाकडा करतोच की.

म्हणून ठोकळे आणि कोडी काढली. ठोकळे वाईट खेळणं आहे असं मुळीच नाही, घरी आणि शाळेत त्यासारखं दुसरं नाही. फक्त ही जागा त्यांची नव्हे.

त्यांच्याऐवजी तीन गोष्टी आल्या. पहिली, भिंतीला पक्की बसवलेली मणी-फळी: वाकड्यातिकड्या जाड तारा, त्यांवर अडकवलेले लाकडी मणी, या टोकाकडून त्या टोकाला सरकवायचे. याला शेवट असा नाहीच, एक मणी पलीकडे गेला की खेळ झालाही आणि राहिलाही. सुटा भाग नसल्याने काही हरवत नाही, कुणाच्या खिशातून घरी जात नाही. दुसरी, खुर्च्यांच्या मधल्या भिंतीवर मुलांच्या डोळ्यांच्या उंचीला लावलेली मोठी शोधचित्रं. एका चित्रात तळं होतं आणि गवतात, पानाखाली, होडीच्या मागे मिळून बारा बेडूक लपवले होते. तिसरी, अर्ध्या पानाचा चित्राचा कागद आणि एकच रंगखडू, काउंटरवर नाव नोंदवतानाच मुलाच्या हातात द्यायचा.

या तिसऱ्या गोष्टीने सगळ्यात जास्त काम केलं, आणि तिला तर कोपराही लागत नाही. कागद आणि खडू मुलाबरोबर आत जातात. खेळ मोडतच नाही, तो दार ओलांडून पुढे चालू राहतो. डॉक्टर विचारतात, "हे काय काढलंस?" आणि मूल सांगत असताना त्यांचं अर्धं निरीक्षण होऊन जातं. खडू परत घ्यायचा नाही, तो मुलाचाच. म्हणजे धुवायचा प्रश्नही उरत नाही. खडू मात्र जाड आणि आखूड हवा, आणि तीन वर्षांखालच्या मुलाला द्यायचा नाही. मोडलेला तुकडा तोंडात जातो. त्या वयाला नुसता कागद दिला तरी चालतो, चुरगळण्यात त्यांना पुरेसा आनंद असतो.

जागा बदलायला अर्धा दिवस लागला. खांबामागची चटई उचलली आणि मणी-फळी खुर्च्यांच्या रांगेतच, काउंटरसमोरच्या भिंतीवर आणली. कसोटी साधी ठेवली होती: पालक खुर्चीत बसल्या जागी, मान न वळवता, मूल आणि काउंटर दोन्ही बघू शकतो का? पालक उठून मुलामागे गेला की त्याचं नावाकडे लक्ष राहत नाही, आणि नावाकडे लक्ष दिलं की मुलाकडे राहत नाही. दाराजवळची जागा टाळली. दार उघडं राहतं आणि दोन वर्षांचं मूल बघता बघता बाहेर पडतं.

इथे माझी चूक झाली ती सांगते. सुताराने मणी-फळी बसवली तेव्हा मी 'मुलांच्या उंचीला' एवढंच म्हणाले होते. त्यांनी ती त्यांच्या कमरेला लावली, म्हणजे मध्य जमिनीपासून तीन फुटांवर. पाच-सहा वर्षांच्या मुलांना बरोबर, पण त्यांना मण्यांत रस नव्हता. ज्यांना होता ती दीड-दोन वर्षांची मुलं खाली उभी राहून हात वर करत होती आणि आया त्यांना कडेवर घेऊन खेळवत होत्या. आठवड्याने फळी खाली आणली, मध्य दीड फुटाच्या थोडा वर. मग नवीनच कळलं: एका बाजूने दोनच मुलं उभी राहू शकतात, तिसरं ढकलतं. शेवटी एकाऐवजी दोन छोट्या फळ्या, मध्ये दोन हात अंतर.

आता स्वच्छता. या बाबतीत मी डॉक्टरांच्या मागे लागले नाही, तेच माझ्या मागे लागले. फरचं अस्वल त्यांनी स्वतः उचलून नेलं. कापडी खेळणं दोन मुलांच्या मधे पुसून स्वच्छ करता येत नाही, आणि सर्दी-तापाची, जुलाबाची मुलं तेच अस्वल छातीशी धरतात. सुटी खेळणी जी उरली, म्हणजे सहा गाड्या आणि चार जाड पुठ्ठ्याची, प्लास्टिकचा थर दिलेली पुस्तकं, त्यांच्यासाठी दोन ट्रे ठेवले. हिरवा 'घ्या', लाल 'खेळून झालं'. लाल ट्रेमधलं खेळणं धुतल्याशिवाय हिरव्यात जायचं नाही.

गाड्या आधी साबणाच्या पाण्याने घासायच्या, कारण मळ किंवा लाळ शिल्लक असेल तर ब्लीचचा जोर तिथेच संपतो. मग पातळ ब्लीच. बाटलीवर सोडियम हायपोक्लोराइट ५ टक्के लिहिलेलं असेल तर एक लिटर द्रावणात त्यातलं २० मिलिलिटर, म्हणजे ०.१ टक्का. बाटली वेगळ्या टक्क्याची असेल तर हे माप बदलतं, म्हणून लेबल वाचायचं. त्यात गाडी किमान एक मिनिट पूर्ण भिजलेली राहिली पाहिजे. ओल्या फडक्याचा एक हात फिरवून लगेच कोरडं केलं तर ते नुसतं पुसणं झालं. नंतर साध्या पाण्याने खळबळून वाळवायचं, कारण गाडी पुन्हा तोंडात जाणार आहे. द्रावण रोज नवं करायचं. आणि संडास साफ करायच्या ॲसिडच्या जवळपासही ते न्यायचं नाही, दोन्ही मिसळले की विषारी क्लोरीन वायू निघतो. पुस्तकं भिजवता येत नाहीत, त्यांची पानं त्याच द्रावणात भिजवलेल्या फडक्याने ओली करून तशीच वाळू द्यायची, मग साध्या ओल्या फडक्याने पुसायची.

हाताला लावायचं सॅनिटायझर खेळण्यांवर फवारून काम भागेल, असं ताईंना वाटत होतं. जुलाब-उलट्यांच्या नोरोव्हायरससारख्या विषाणूंवर ते फारसं चालत नाही, म्हणून नको म्हटलं.

पण धुण्याने सगळं सुटत नाही. ताप आणि अंगावर पुरळ घेऊन आलेलं मूल त्या खोलीत थांबवायचंच नाही, असं डॉक्टरांनी ताईंना लिहून दिलं. गोवर असेल तर त्याचा विषाणू मूल खोलीतून गेल्यावरही दोन तासांपर्यंत हवेत राहू शकतो. तिथे गाड्या कितीही धुतल्या तरी उपयोग नाही. नाव नोंदवतानाच "अंगावर काही उठलंय का?" हा प्रश्न विचारायचा आणि हो म्हटलं तर सरळ मागच्या खोलीत.

खेळण्यांची छाननी करताना अंगावर काटा आला तो त्या गाणाऱ्या फोनमुळे. मागचं सेलचं झाकण स्क्रूने बंद असायला हवं, तो स्क्रू हरवला होता आणि कुणीतरी चिकटपट्टी लावली होती. पट्टीचं एक टोक सुटलं होतं. आत तीन बटण-सेल. असा सेल गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतच आतून गंभीर भाजू शकतं. फोन त्याच दिवशी गेला. त्याच्याबरोबर त्याचं गाणंही गेलं, हा ताईंचा फायदा.

उरलेल्या गाड्यांची चाकं निघतात का ते ओढून पाहिलं. तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांसाठी एक प्रमाणित नळकांडं असतं, आतून ३१.७ मिलिमीटर रुंद. जो भाग न दाबता त्यात पूर्ण मावतो तो घशात अडकण्याच्या आकाराचा धरतात. ते नळकांडं हाताशी नसेल तर टॉयलेट पेपरच्या रिकाम्या पुठ्ठ्याच्या नळीतून टाकून बघायचं. ती नळी जरा मोठी असते, त्यामुळे चाचणी थोडी जास्त कडक होते, आणि इथे तेच बरं. एका गाडीचं चाक निघालं, तीही बाद. हे एकदा करून भागत नाही. दर सोमवारी ताई पाच गाड्या ओढून बघतात.

एवढं सगळं करून शेवटची अडचण उरली होती ती पुकारण्याची. खेळ कितीही बिनशेवटाचा असला तरी अचानक उचललं तर मूल रडणारच. ताई आता नाव दोनदा घेतात: एकदा आधीचे दोन पेशंट बाकी असताना, "यांच्यानंतर दोन नंबरांनी तुम्ही", आणि मग प्रत्यक्ष. पहिल्या हाकेला पालकाने मुलाला सांगायचं. कसं सांगायचं याची ओळ मणी-फळीच्या वर लिहून लावली, कारण "पाच मिनिटांनी जायचंय" याचा तीन वर्षांच्या मुलाला काहीच बोध होत नाही. 'पाच मिनिटं' त्याला दिसत नाहीत, मणी दिसतात. ओळ अशी आहे: "आणखी तीन मणी सरकव, मग आपण आत जाऊ." बेडकांच्या चित्राखाली: "आणखी एक बेडूक शोध, बाकीचे परत बाहेर आल्यावर."

एका बाबांना मी हे करताना पाहिलं. मुलीने तीन मणी सरकवले, चौथ्याला हात लावला, बाबांकडे बघितलं. बाबा काही बोलले नाहीत, फक्त उभे राहिले. तिने चौथाही सरकवला आणि आली. चौथ्या मण्यावरून वाद घालायचा नाही, एवढं शहाणपण त्यांच्याकडे होतं.

दुसऱ्या महिन्यात पुन्हा तीन संध्याकाळी रेघा मारल्या. ३८ मुलांपैकी ६ रडत गेली. संख्या छोटी आहे, ऋतूही बदलला होता, तापाची मुलं कमी होती. यावरून फार मोठा दावा मी करणार नाही. डॉक्टरांनी मात्र एवढं सांगितलं की श्वास पहिल्याच प्रयत्नात मोजून होतात अशी मुलं वाढली आहेत.

एक गोष्ट आम्हाला अपेक्षित नव्हती. कोपरा चांगला चालायला लागल्यावर काही पालक आजारी मुलाला घेऊन आत जायचे आणि धाकट्याला किंवा थोरल्याला बाहेर मण्यांपाशी सोडून जायचे. "ताई आहेतच ना." एका संध्याकाळी ताईंच्या भरवशावर तीन मुलं होती, फोन वाजत होता आणि समोर चौघे उभे होते. त्या दिवशी त्यांनी वही माझ्या पुढ्यात टाकली. त्यांचं बरोबर होतं. खेळ मांडलेला दिसला की लोक तिथे पाळणाघर आहे असं धरून चालतात. आता काउंटरवर पाटी आहे, "मूल एकटं सोडू नये, सगळ्यांना आत न्यावं", आणि डॉक्टरांनी आतल्या खोलीत एक जादा स्टूल ठेवलं. पाटीपेक्षा स्टुलाचा उपयोग जास्त झाला. भावंडांना आत जागा नव्हती म्हणूनच ती बाहेर राहत होती.

आठ-दहा वर्षांच्या मुलांचं मला अजून जमलेलं नाही. मणी त्यांना बाळबोध वाटतात, बेडूक दोन मिनिटांत सापडतात. कागदाच्या मागच्या बाजूला कोडी छापून पाहिली, पण ती पुन्हा शेवट असलेली, आणि एक मुलगा उत्तर येईपर्यंत आत यायलाच तयार नव्हता. सध्या ती मुलं आईचा मोबाइल बघतात.

गेल्या आठवड्यात डॉक्टरांचा पुन्हा फोन आला. त्यांना बेडकांचं आणखी एक चित्र हवं आहे, तपासणीच्या टेबलावर आडवं पडल्यावर बरोबर डोळ्यांसमोर येईल असं, छताला लावायला. मी उंची मोजून घ्या म्हटलं. छत साडेनऊ फुटांवर आहे, म्हणजे तळ्यातले बेडूक बरेच मोठे काढावे लागतील.